‘x’ सोडून द्यायचा, पण कधी?

व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल पाण्यात थोडंसंच फुटतं. किती, ते तीन ओळींच्या तक्त्यातून काढता येतं. समजा, लिटरमागे ०.१० मोल आम्ल आहे.

सुरुवात: आम्ल ०.१०, हायड्रोजन आयन जवळपास शून्य, ॲसिटेट शून्य.
बदल: −x, +x, +x.
समतोल: ०.१०−x, x, x.

या आम्लाचा समतोल स्थिरांक २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१८ असतो. म्हणून x²/(०.१०−x) = ०.००००१८. आता छेदातला x नगण्य मानला, तर वर्गसमीकरण टळतं आणि x येतो ०.००१३४. पण हे गृहीतक तपासायलाच हवं. x हा ०.१० च्या १.३ टक्के आहे. पाच टक्क्यांपर्यंत चालतं असा संकेत आहे, म्हणजे उत्तर ग्राह्य.

तेच आम्ल शंभरपट पातळ केलं, की मूळ ०.००१० उरतं. त्याच रीतीने x येतो ०.०००१३४, म्हणजे तब्बल १३ टक्के! इथे वर्गसमीकरण सोडवावंच लागतं. खरं उत्तर ०.०००१२५. आम्ल पातळ होतं तसा त्याचा फुटलेला वाटा वाढतो, म्हणून स्थिरांक बारीक दिसला तरी सुरुवातीची संहती पाहिल्याशिवाय x सोडू नये.