त्र्यंबकचा ‘त्यंबक’ होतो तेव्हा

ग्रंथालयाची जुनी छापील सूची स्कॅन केली, ओसीआरमधून तिचा मजकूर काढला आणि लेखकांच्या रकान्यात एक ओळ आली : ‘ठोंबरे, त्यंबक बापूजी’. हे बालकवी, हे मराठी वाचकाला बघताक्षणी कळतं. ग्रंथालयाच्या संगणकात आधीपासून असलेल्या यादीत मात्र ‘ठोंबरे, त्र्यंबक बापूजी’ अशी नोंद आहे आणि संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. चूक तशीच राहिली, तर बालकवींची पुस्तकं दोन नावांखाली विभागली जातात आणि शोधणाऱ्याला त्यातली निम्मीच सापडतात.

अशा चुका बहुतेक वेळा जोडाक्षरांतच होतात, आणि त्याला कारण आहे. ‘त्र्यं’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ते त, हलन्त, र, हलन्त, य आणि अनुस्वार अशा सहा खुणांनी साठवलं जातं. छपाईत यातला र म्हणजे एक बारीकशी तिरपी रेघ. शाई पसरली किंवा स्कॅन फिकट निघाला की ती रेघ नाहीशी होते. ‘प्रभाकर’चा ‘पभाकर’ होतो, रफार उडून ‘कर्वे’चं ‘कवे’ होतं. दुसऱ्या प्रकारात काही गळत नाही, पण एका अक्षराच्या जागी त्याच्यासारखं दिसणारं दुसरं येतं : ‘श्रीधर’ऐवजी ‘श्नीधर’, ‘ज्ञानेश्वर’ऐवजी ‘ज्ञानेश्चर’, ‘द्वारकानाथ’ऐवजी ‘द्धारकानाथ’.

यावर दोन सोपे उपाय चटकन सुचतात आणि दोन्ही घात करतात.

पहिला उपाय म्हणजे जुळणीची अट सैल करणं : दोन नावांत एकदोन खुणांचा फरक असला तरी ती एकच मानायची. पण ‘त्र्यंबक’ आणि ‘त्यंबक’ यांत दोन खुणांचा फरक आहे, तर ‘केतकर’ आणि ‘केळकर’ यांत फक्त एकाचा. ज्ञानकोशकार केतकर आणि साहित्यसम्राट केळकर एक होतील, इतकी अट सैल केली तरी बालकवी बाहेरच राहतील.

दुसरा उपाय म्हणजे सरसकट बदल : ‘द्ध’ दिसला की ‘द्व’ करायचा. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे नाथमाधव, यांचं नाव त्याने दुरुस्त होईल. पण त्याच फटक्यात चरित्रकोशकार सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचं ‘सिद्वेश्वरशास्त्री’ होऊन बसेल.

म्हणून काम पायऱ्यापायऱ्यांनी करायचं. ओसीआरने दिलेला मूळ रकाना कधीही बदलायचा नाही. शेजारी नवा रकाना घ्यायचा आणि प्रत्येक ओळीसमोर सूचीतला पानक्रमांक ठेवायचा. मग लेखनाचं रूप एकसारखं करायचं. युनिकोडमध्ये काही अक्षरं दोन तऱ्हांनी साठवता येतात, शिवाय जोडाक्षरांत न दिसणाऱ्या खुणाही दडलेल्या असतात. त्या काढताना मराठीपुरता एक धोका असतो. ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांतला अर्धा र काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि अशी एक अदृश्य खूण मिळून लिहिलेला असतो. ती खूण आधीच पुसली, तर ‘कऱ्हाडे’चं रफाराचं ‘कर्हाडे’ होतं. त्यामुळे क्रम असा हवा :

```python
s = unicodedata.normalize("NFC", s)
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
s = re.sub("[\u200c\u200d]", "", s)
```

दुसरी ओळ हा अर्धा र त्याच्या ठरलेल्या रूपात आणते; त्यानंतरच तिसरी ओळ अदृश्य खुणा पुसते.

पुढची पायरी म्हणजे जोडाक्षरांची हजेरी. हाताशी असलेल्या यादीतली सगळी जोडाक्षरं, ती नावाच्या सुरुवातीला येतात की मध्ये यासह, वेगळी काढायची. मग ओसीआरच्या रकान्यातली जी जोडाक्षरं या हजेरीत नाहीत, त्यांच्यावर खूण करायची. ‘श्नी’ने सुरू होणारं नाव यादीत सापडत नाही, ‘द्धा’ने सुरू होणारंही नाही, त्या ओळी लगेच उघड्या पडतात. ‘सिद्धेश्वर’मधला द्ध मात्र नावाच्या मधला आणि यादीत असलेला, म्हणून तो सुरक्षित राहतो. हलन्तानंतर लगेच काना-मात्रा किंवा एका अक्षराला दोन वेलांट्या, असे अशक्य क्रमही याच वेळी पकडता येतात.

हजेरीतून सगळं सुटत नाही. ‘पभाकर’मध्ये जोडाक्षरच उरलेलं नाही. ‘लक्षणशास्त्री जोशी’ तर त्याहून फसवं : ‘लक्षण’ हा शुद्ध मराठी शब्द असल्याने शब्दकोशाची चाचणी त्याला बिनदिक्कत पास करते. तिथे गोंधळाचा तक्ता लागतो. दोनेकशे ओळी छापील पानाशी हाताने ताडून पाहिल्या, की याच छपाईत कोणतं अक्षर कशाचं होतं ते कळतं : प्र चा प, क्ष्म चा क्ष, श्र चा श्न. हा तक्ता उलटा वापरून प्रत्येक संशयित नावाचे पर्याय तयार करायचे आणि ते यादीत शोधायचे. ‘खाडिलकर, कृष्णाजी पभाकर’ या ओळीत आडनाव आणि स्वतःचं नाव तंतोतंत जुळतं, ‘प्रभाकर’ हा एकच पर्याय यादीत सापडतो, दुरुस्ती मान्य. नुसतं ‘जोशी, पभाकर’ असेल आणि यादीत दोन प्रभाकर जोशी असतील, तर संगणकाने निर्णय घ्यायचा नाही. ती ओळ स्कॅनच्या तुकड्यासह माणसाच्या डोळ्यांखाली जायला हवी.

काही फरक ओसीआरच्या चुका नसतातच. मराठी शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये बदलले, म्हणून जुन्या मुखपृष्ठांवर ‘विष्णु’ आणि नंतरच्या नोंदींत ‘विष्णू’ दिसतो. हा फरक दाखवायच्या नावात जपायचा, फक्त जुळणीपुरता बाजूला ठेवायचा. उलट, हाताशी असलेली यादीही निर्दोष मानू नये. ‘द्व’ऐवजी ‘व्द’ टाइप करण्याची चूक माणसंच करतात, आणि ‘व्दारकानाथ’ त्या यादीतच बसलेला असू शकतो. म्हणून हजेरी घेण्याआधी यादीवरूनही एक नजर फिरवलेली बरी.

सगळं करूनही काही नावं जुळत नाहीत. त्यांतली काही खरोखरच नवी असतात, यादीत कधीच नसलेल्या लेखकांची. त्यांना जवळच्या नावाला चिकटवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर गेलं की ते पुन्हा कुणाच्या लक्षात येत नाही. आपोआप मान्य झालेल्या दुरुस्त्यांमधल्या शंभरेक ओळी पानांशी ताडून पाहिल्या, तर अशी चूक वेळीच सापडते. सापडली, तर तक्त्यातली ती जोडी काढून टाकायची आणि जुळणी पुन्हा करायची.

हे काम हाती घेणाऱ्या ग्रंथालयांनी आपला गोंधळाचा तक्ता जपून ठेवावा आणि इतरांनाही द्यावा. एकाच टाइपात छापलेल्या सूचींत चुकाही बऱ्याचशा त्याच होतात, आणि एकाने हाताने ताडलेल्या ओळी दुसऱ्याच्या कितीतरी दिवसांची मेहनत वाचवू शकतात.