नव्या तारखेची एकच ऑर्डर

रोज सकाळी चुटकीसरशी येणारा अहवाल एके दिवशी अर्धा तास झाला तरी येत नाही. क्वेरी कालचीच, सर्व्हर कालचाच, डेटाही जेमतेम एका दिवसाचा वाढलेला. अशा वेळी पहिला संशय मशीनवर जातो आणि जास्त मेमरीची मागणी होते. मला विचाराल तर त्याआधी डेटाबेसचा अंदाज तपासावा.

क्वेरीत आपण काय हवं एवढंच सांगतो. कोणतं टेबल आधी उघडायचं आणि त्यातल्या ओळी पुढच्या टेबलाशी कशा जोडायच्या, हे डेटाबेसमधला प्लॅनर ठरवतो. कोणत्या टप्प्यावर किती ओळी हाती लागतील याचा तो आधी अंदाज बांधतो. त्यासाठी तो मूळ टेबल मोजत बसत नाही, साठवून ठेवलेली आकडेवारी वाचतो. पोस्टग्रेसमध्ये ही आकडेवारी ANALYZE ही आज्ञा तयार करते. ती नेहमीच्या सेटिंगनुसार सुमारे ३०,००० ओळींचा नमुना घेते आणि प्रत्येक स्तंभात वारंवार येणाऱ्या मूल्यांची यादी करते. या यादीत जास्तीत जास्त १०० मूल्यं बसतात.

आता एक ऑनलाइन दुकान घ्या. ऑर्डरच्या टेबलात ९० दिवसांच्या, रोज एक लाख याप्रमाणे ९० लाख ओळी आहेत. तारखा नव्वदच असल्यामुळे त्या सगळ्या यादीत बसल्या आणि त्यांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्के झाली. रात्री एक्क्याण्णवाव्या दिवसाच्या एक लाख ऑर्डरी टेबलात आल्या. सकाळी क्वेरी विचारते: कालच्या ज्या ऑर्डरींत अमुक पुरवठादाराचा माल आहे, त्या दाखवा. प्लॅनर यादी पाहतो. ही तारीख तिच्यात नाही, आणि यादीबाहेरच्या मूल्यांसाठी काही शिल्लकही उरलेलं नाही. शून्य ओळी असा अंदाज तो सहसा धरत नाही, म्हणून एक धरतो. कालची ऑर्डर: एक.

पुढचा निर्णय या आकड्यावरून होतो आणि तो तर्काला धरूनच असतो. एका ऑर्डरीपासून सुरुवात केली, तर तिच्यातल्या साधारण तीन वस्तू इंडेक्समधून काढायच्या आणि त्या तिन्हींचा पुरवठादार पाहायचा. काम जवळपास फुकटात. प्रत्यक्षात मात्र एक लाख ऑर्डरी निघतात. वस्तूंच्या टेबलात एक लाख फेऱ्या होतात, तिथून तीन लाख वस्तू येतात आणि प्रत्येकीसाठी उत्पादनांच्या टेबलात आणखी एक फेरी. एकूण चार लाख. उलट बाजूने निघालं असतं तर? त्या पुरवठादाराची ४० उत्पादनं, ९० दिवसांत ती असलेल्या समजा १२,००० वस्तू, आणि तितक्याच ऑर्डरींच्या तारखा तपासायच्या. हिशेब १२ हजारांच्या आसपास आटोपला असता. माहिती मेमरीत नसून डिस्कवर विखुरलेली असेल, तर हा फरक फारच जाणवतो.

दुखणं ओळखायचं तर क्वेरीच्या आधी EXPLAIN ANALYZE लिहून ती चालवावी. अंदाज आणि वास्तव शेजारी शेजारी दिसतात. काटछाट केल्यावर ते साधारण असं असतं:

```
Nested Loop
  -> Index Scan on orders      (rows=1) (actual rows=100000 loops=1)
  -> Index Scan on order_items (rows=3) (actual rows=3 loops=100000)
```

इथे बरेच जण फसतात. वेळ गेलेला दिसतो तो order_items वर, म्हणून तिथला इंडेक्स बदलायचा खटाटोप सुरू होतो. पण त्या ओळीतला अंदाज अचूक आहे: दर फेरीला तीन. चूक तिच्या वरच्या ओळीत आहे, एकाच्या जागी लाख. म्हणून सर्वांत आतल्या टप्प्यांपासून बाहेर येत जावं आणि अंदाज पहिल्यांदा कुठे फाटला ते शोधावं. बाकीचे टप्पे त्या चुकीचे परिणाम भोगत असतात.

पोस्टग्रेस ही आकडेवारी आपोआप ताजी करतो, पण टेबलाच्या १० टक्के अधिक ५० ओळी बदलल्यावर. आपल्या टेबलात हा उंबरठा ९,००,०५० चा आहे, म्हणजे नऊ दिवसांची भर पडली तरी ५० ओळी कमीच पडतात. टेबल जितकं मोठं, तितकी ही वाट लांबते. त्या टेबलापुरतं प्रमाण एक टक्क्यावर आणता येतं. तरीही स्वयंचलित फेरी साधारण मिनिटाच्या अंतराने होते, आणि डेटा भरताक्षणी अहवाल सुरू झाला तर तो जुन्याच आकड्यांवर चालतो. रात्रीच्या स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ घालणं जास्त खात्रीचं:

```sql
ANALYZE orders;
```

ताज्या आकडेवारीनेही काही चुका जात नाहीत. शहर पुणे आणि पिनकोड ४११०३० अशा दोन अटी दिल्या, तर प्लॅनर त्या एकमेकींशी असंबद्ध समजून त्यांच्या वाट्यांचा गुणाकार करतो. पिनकोड आला की शहर आलंच, हे त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे अंदाज विनाकारण आक्रसतो. २०१७ मधल्या दहाव्या आवृत्तीपासून CREATE STATISTICS वापरून त्याला हे नातं सांगता येतं. मात्र दोन्ही स्तंभ एकाच टेबलात असावे लागतात. शहर ग्राहकांच्या टेबलात आणि पिनकोड पत्त्यांच्या टेबलात असेल, तर ही सोय उपयोगी पडत नाही. तिथे क्वेरी दोन तुकड्यांत मोडावी लागते: पहिल्या तुकड्याचं उत्तर तात्पुरत्या टेबलात ठेवायचं, त्यावर ANALYZE चालवायचं आणि मग पुढची जोडणी करायची.