रविवारची नोंद आणि गोल आकडा

२००२ साली अमेरिकेतल्या ‘वर्ल्डकॉम’ या दूरसंचार कंपनीत सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण पथकाने हिशेबाच्या नोंदी संगणकावर चाळायला घेतल्या. त्यांच्या हाती ५० कोटी डॉलरची एक रक्कम लागली. मालमत्तेत दाखवलेली, पण कागद एकही नाही. मग धागा उलगडत गेला. दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्याचे भाडे हा खरा खर्च. तो जर्नल एंट्रीने मालमत्तेकडे ढकलला जात होता. खर्च घटला की नफा फुगतो. अशा नोंदी तिमाही संपल्यावर, मोठ्या गोल आकड्यांत घातलेल्या होत्या. जूनअखेर कंपनीला ३८० कोटी डॉलरची गफलत जाहीर करावी लागली. पुढे आकडा आणखी वाढला.

आज ऑडिटर वर्षभराच्या सगळ्या नोंदी एकदमच मागवतो. पहिले काम संशय घेण्याचे नाही, यादी पुरी आहे का ते पाहण्याचे. प्रत्येक खात्याच्या आरंभीच्या शिलकेत वर्षाच्या नोंदी मिळवल्या, की अखेरची शिलक जुळलीच पाहिजे. जुळली नाही, तर काहीतरी वगळून दिले आहे. ही पायरी चुकली, तर पुढची सगळी चाळणी फोल.

मग चाळण्या लागतात. एक्सेलमध्येही जमते:

```
=WEEKDAY(B2,2)=7
=MOD(C2,100000)=0
```

पहिले सूत्र रविवार पकडते, दुसरे लाखाच्या पटीतली रक्कम.

इथेच नवशिके फसतात. ३१ मार्च २०२४ हा रविवार होता. वर्षअखेरच्या घसाऱ्याच्या, तरतुदींच्या नोंदींवर त्याच दिवसाची तारीख असते, त्यामुळे व्हाउचरची तारीख तपासली तर त्या सगळ्याच संशयित ठरतात. पाहायची ती नोंद प्रत्यक्ष टाकल्याची तारीख आणि वेळ. पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. तिथे रविवारची चाळणी लावण्यात अर्थच नाही. गोल आकड्यांचेही तसेच: भाडे, कर्जाचा हप्ता, आगाऊ रक्कम गोल असणारच.

म्हणून जाणता ऑडिटर खुणा एकत्र करतो. समजा, १२ एप्रिलला रात्री अकरा वाजता, एरवी कधी नोंद न टाकणाऱ्या वित्तप्रमुखाच्या लॉगिनमधून, ३१ मार्चच्या तारखेने ४० लाखांची नोंद पडली: यंत्रसामग्री नावे, दुरुस्ती खर्च जमा, तपशिलात फक्त ‘समायोजन’. सुटी खूण फारसे बोलत नाही, पण चार एकत्र आल्या की व्हाउचर मागावेच लागते. त्यातही खात्यांची जोडी सर्वांत बोलकी. खर्च कमी होऊन मालमत्ता का वाढली, याचे उत्तर यंत्राच्या बिलात आणि कारखान्यातल्या यंत्रातच सापडते.

लबाडाला हे ठाऊक असते. तो ४० लाखांऐवजी ३९,८७,४१३ लिहितो, तेही मंगळवारी दुपारी. तिथे वार आणि गोल आकडा, दोन्ही चाळण्या आंधळ्या. खात्यांची जोडी मात्र तीच राहते.