खुणेवरचे ३२

यंत्रभागाच्या ड्रॉइंगमध्ये पृष्ठभाग दाखवणाऱ्या रेषेवर, उत्तरपत्रिकेतल्या बरोबरच्या खुणेसारखी एक खूण टेकवलेली असते. त्या पृष्ठभागाचा फिनिश कसा हवा, हे ती सांगते. खुणेचे दोन पाय वरून आडव्या रेघेने जोडले असतील, तर तिथले धातू यंत्राने काढायलाच हवे. पायांच्या बेचक्यात वर्तुळ असेल, तर काहीही काढायचे नाही. ओतीव किंवा घडीव पृष्ठभाग आहे तसाच ठेवायचा. दोन्ही नसतील, तर पद्धत कारखान्याने ठरवावी.

खुणेशेजारचा आकडा बहुधा Ra चा असतो. पृष्ठभागाचे चढउतार मध्यरेषेपासून सरासरी किती दूर जातात, ते Ra सांगतो. मेट्रिक ड्रॉइंगवर तो मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात असतो. इंचांच्या ड्रॉइंगवर मायक्रोइंचात, म्हणजे इंचाच्या दहा लाखाव्या भागात. आकड्यापुढे एकक सहसा छापलेले नसते, आणि घोटाळा होतो तो इथेच.

समजा, अमेरिकेहून आलेल्या शाफ्टच्या ड्रॉइंगवर, ऑइल सील बसते त्या जागी, नुसते ३२ लिहिले आहे. ते मायक्रोमीटर धरले, तर करवतीने कापल्यासारखा खडबडीत पृष्ठभागही चालेल असा अर्थ होतो, आणि सीलच्या जागी तो अशक्य आहे. मग ३.२ मधला टिंब छापताना गळला असावा, असा तर्क कोणी करते. तो जास्त धोक्याचा, कारण ३.२ हा लेथवरचा अगदी नेहमीचा फिनिश आहे आणि कोणाला शंका येत नाही.

खरा हिशेब सोपा आहे. १ इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, म्हणून १ मायक्रोइंच = ०.०२५४ मायक्रोमीटर. ३२ × ०.०२५४ = ०.८१२८, म्हणजे प्रमाणित मालिकेतला ०.८. उलट जाताना ३९.३७ ने गुणायचे: ३.२ मायक्रोमीटर म्हणजे सुमारे १२६, आणि इंचांच्या मालिकेत १२५. टिंब गळला असे समजून केलेला शाफ्ट म्हणजे मागणीच्या चौपट खडबडीत.

हा फरक लेथवर फीडमध्ये दिसतो. टूलच्या टोकाची त्रिज्या ०.८ मिलिमीटर आणि दर फेरीला फीड ०.२ मिलिमीटर असेल, तर गणिताने Ra सुमारे १.६ येतो, ०.८ साठी फीड ०.१४ पर्यंत खाली आणावे लागते. प्रत्यक्षात कंपने आणि टूलची झीज यांमुळे फिनिश याहून खराबच मिळतो, म्हणून अशी जागा बहुधा ग्राइंडिंगला जाते.

आकडा जुळला तरी काम झालेच असे नाही. Ra ही सरासरी असल्याने रेघांची दिशा तिच्यात उमटत नाही. सीलखाली मळसूत्रासारख्या तिरप्या रेघा राहिल्या, तर Ra ०.८ च्या आत असूनही फिरता शाफ्ट तेल बाहेर ढकलू शकतो. दिशेसाठी खुणेजवळ वेगळे चिन्ह असते: = म्हणजे त्या दृश्यातल्या रेषेला समांतर, ⊥ म्हणजे काटकोनात. Rz लिहिले असेल, तर तो सर्वांत उंच शिखर ते सर्वांत खोल दरी अशा अंतरावरून काढलेला वेगळाच आकडा असतो आणि Ra च्या कित्येक पट येतो, २५.४ च्या हिशेबाने एकाचा दुसरा करता येत नाही.

म्हणून खूण वाचण्याआधी ड्रॉइंगचा शीर्षकचौकट पाहावी: मापे इंचांत की मिलिमीटरमध्ये, ते तिथे लिहिलेले असते.