विश्लेषण : उभ्या गाडीचे किलोमीटर कसे वाढतात? ही खोटी धाव नोंदीतून कशी काढतात?

ट्रक रात्री ९ पासून सकाळी ७ पर्यंत गोदामात उभा. तरीही जीपीएसच्या अहवालात जवळपास पाच किलोमीटरची धाव. अशा नोंदीवरून डिझेलचा हिशेब लावला, तर चालकावर विनाकारण संशय येतो.

असे का होते?

जीपीएसने दाखवलेली जागा मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर इकडेतिकडे असते. इमारती किंवा पत्र्याच्या शेडजवळ सिग्नल आदळून येतो आणि चूक आणखी वाढते. यंत्र दर ३० सेकंदांनी नोंद करत असेल, तर दहा तासांत १२०० नोंदी होतात. लागोपाठच्या दोन नोंदींत सरासरी चार मीटरचा फरक धरला, तरी बेरीज ४.८ किलोमीटर होते. पुढे-मागे झालेले अंतर एकमेकांतून वजा होत नाही, त्यामुळे ते साचतच जाते. नकाशावर हा मार्ग एकाच जागी झालेल्या कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो.

छोटी अंतरे सरसकट गाळली तर?

समजा, आधीच्या नोंदीपासून २० मीटरच्या आतली प्रत्येक नोंद वगळली. कोंडीत ताशी १० किलोमीटरने सरकणारी गाडी पाच सेकंदांत जेमतेम १४ मीटर जाते. यंत्र दर पाच सेकंदांनी नोंदवत असेल, तर तिची खरी धावही पुसली जाईल.

मग खात्रीचा मार्ग कोणता?

इंजिन बंद आणि वेग जवळपास शून्य, अशी स्थिती काही मिनिटे टिकली की गाडी थांबली असे धरायचे. त्या वेळच्या नोंदींचा मध्य काढून तो नांगर मानायचा आणि त्याभोवती, समजा, ५० मीटरचे वर्तुळ आखायचे. आतल्या सगळ्या नोंदींचे अंतर शून्य. एखादी नोंद ८० मीटरवर उडून लगेच परत आली, तर तीही सोडायची. लागोपाठ तीन नोंदी वर्तुळाबाहेर आणि नांगरापासून दूर जात असतील, तरच गाडी निघाली. मग वर्तुळातल्या सुरुवातीच्या प्रवासाचे अंतरही मोजणीत धरायचे.

फक्त इंजिनची खूण पुरेशी का नाही?

इंजिन बंद असलेली गाडी टोचन करून नेली जाऊ शकते किंवा चोरीला जाऊ शकते. शिवाय यंत्राची इग्निशनची वायर चुकून थेट बॅटरीला जोडली असेल, तर इंजिन कायम चालूच दिसते. रात्रभर ‘चालू’ ही खूण आणि जागा मात्र तीच, असे दिसले की आधी वायरिंग तपासावे.

गाळणी बरोबर आहे हे कसे ओळखायचे?

आठवडाभराची बेरीज गाडीच्या ओडोमीटरशी ताडून पाहावी. अहवाल सतत जास्त येत असेल तर वर्तुळ लहान पडते आहे. कमी येत असेल तर खरी धाव गाळली जाते आहे. मूळ नोंदी मात्र पुसू नयेत. वाद झाल्यास किंवा मर्यादा बदलल्यास हिशेब त्यांच्यावरूनच पुन्हा करता येतो.