खाली धडधड, वर करंगळीएवढी धार

सात मजली इमारत, गच्चीवर टाकी. पहिल्या मजल्यावर वॉशिंग मशीनने पाणी घेणं थांबवलं की भिंतीत धाडकन आवाज होतो. सातव्या मजल्यावर मात्र शॉवरखाली डोकंही धड भिजत नाही. सोसायटीच्या सभेत या दोन वेगळ्या तक्रारी ठरतात. मुळात दोन्ही टाकीच्या उंचीशी जोडलेल्या आहेत.

पाण्याच्या दर 10 मीटर उंचीमागे साधारण एक किलो दाब मिळतो, असा प्लंबरचा हिशेब. पहिल्या मजल्यावरचं मशीन टाकीच्या वीसेक मीटर खाली, म्हणजे दाब दोन किलो. सातव्या मजल्यावरचा शॉवर जेमतेम दोन मीटर खाली, म्हणजे पाव किलोही नाही.

दाब जास्त तिथे पाणी वेगाने धावतं. मशीनचा व्हॉल्व्ह क्षणात मिटतो आणि धावतं पाणी त्यावर आदळतं. हा धक्का लोखंडी पाइपात सेकंदाला किलोमीटरहून जास्त वेगाने मागे-पुढे फिरतो. तो किती मोठा, याचं गणित झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1898 मध्ये मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी लोखंडी पाइपात अचानक अडलं तर दाब क्षणभर बारा किलोंच्या आसपास वाढतो. प्लास्टिकचा पाइप किंचित फुगतो, म्हणून त्यात धक्का कमी. पण क्लॅम्प सैल असेल तर तोही भिंतीवर आपटतो.

खात्री करून घेणं सोपं आहे. मशीनमागचा अँगल कॉक अर्धाअधिक बंद करा. आवाज मंदावला तर कारण हेच. कॉक तसाच ठेवला तरी चालेल. मशीन भरायला थोडा वेळ लागेल, इतकंच. दिसणारा पाइप हलत असेल तर तो क्लॅम्पने घट्ट बसवा. तरीही आवाज राहिला तर मशीनच्या अगदी जवळ वॉटर हॅमर अरेस्टर लावावा. त्यातली कोंडलेली हवा धक्का झेलते. पूर्वी यासाठी पाइपाचं बंद तोंडाचं उभं टोक ठेवत. पण त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि आवाज परततो. मग लाइन बंद करून पाइप रिकामा करावा लागतो.

वरच्या मजल्यावर आधी पंप विकत घेऊ नका. एकाच नळाची धार बारीक असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढून क्षार धुवा. फक्त गरम पाणी कमी येत असेल तर गिझरचा कॉक पाहा. सगळेच नळ मंद असतील, तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते बघा. जुन्या लोखंडी पाइपात गंज साचून वाट अरुंद झालेली असू शकते. हे सगळं ठीक असेल तर उंचीच अपुरी. मग टाकीतून फक्त वरच्या मजल्यासाठी वेगळी लाइन काढून तिच्यावर प्रेशर पंप बसवावा. महापालिकेच्या नळजोडणीला मात्र थेट पंप लावू नये. पंपाचा दाबही गिझरच्या पाटीवर लिहिलेल्या मर्यादेत ठेवावा, नाहीतर पहिल्या मजल्यावरची धडधड सातव्यावर ऐकू येऊ लागेल.