एक्स-विंग : चार कोपऱ्यांची गंमत

आमच्या विंगमध्ये पेपर एक आणि सुडोकूवाले सहा, त्यामुळे सुडोकूच्या पानाची झेरॉक्स निघते. सोपी कोडी मेसच्या लाईनमध्येच सुटतात. कठीण कोड्यात मात्र एक वेळ अशी येते की घरांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने सगळे उमेदवार, म्हणजे त्या घरात येऊ शकणारे आकडे, लिहून झालेले असतात आणि तरी एकही घर भरता येत नाही. मग पब्लिक अंदाजपंचे आकडे टाकू लागतं. तसं करण्याआधी एक्स-विंग शोधून बघा.

घरांचे पत्ते आपण मॅट्रिक्ससारखे देऊ, आधी ओळ, मग कॉलम. म्हणजे (२,३) हे दुसऱ्या ओळीतलं तिसरं घर.

समजा, दुसऱ्या ओळीत तीनच घरं रिकामी आहेत : (२,३), (२,६) आणि (२,८). तिथे १, ७ आणि ९ यायचे आहेत. सातव्या ओळीतही तीनच रिकामी : (७,३), (७,६) आणि (७,८). तिथे हवेत २, ६ आणि ७. आता (४,६) मध्ये ७ आधीच छापलेला आहे. म्हणजे सहाव्या कॉलमचा ७ झाला, आणि (२,६), (७,६) ही दोन्ही घरं ७ साठी बंद. दोन्ही ओळींत ७ ला उरले फक्त तिसरा आणि आठवा कॉलम. या चार घरांचा आयत तयार झाला.

नेमका कुठला कोपरा ७ चा, हे अजून कळलेलं नाही. पण शक्यता दोनच आहेत. ७ जर (२,३) मध्ये असेल, तर तिसरा कॉलम संपला, म्हणून सातव्या ओळीला (७,८) घ्यावंच लागतं. आणि ७ जर (२,८) मध्ये असेल, तर सातव्या ओळीकडे (७,३) हेच उरतं. म्हणजे ७ समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतच बसणार, या कर्णावर किंवा त्या कर्णावर. दोन्ही कर्ण काढले की एक्स होतो, म्हणून हे नाव.

खरी गंमत पुढे आहे. कुठलाही कर्ण खरा असो, तिसऱ्या कॉलमचा ७ या दोन ओळींपैकी एकीत आणि आठव्या कॉलमचा ७ दुसरीत जाणार, हे पक्कं. मग या दोन कॉलमच्या बाकीच्या घरांत ७ ला जागाच नाही. तिथले ७ बिनधास्त खोडा. आपल्या कोड्यात (५,३) मध्ये ४ आणि ७ लिहिलेले होते. ७ गेला आणि ४ पक्का झाला. (९,८) मध्ये २, ५, ७ होते. तिथे २ आणि ५ उरले. ७ कुठे आहे हे न कळताही एक घर भरलं, आणि त्या ४ मुळे पुढचं अडलेलं सुटायला लागतं.

शोधायचं कसं? एका वेळी एकच आकडा घ्या. प्रत्येक ओळीत तो किती घरांत येऊ शकतो ते मोजा. बरोब्बर दोन घरं असतील तरच त्या ओळीसमोर मार्जिनमध्ये कॉलमचे नंबर लिहा, उदाहरणार्थ ३-८. दोन ओळींसमोर तीच जोडी आली की झालं काम. नाही सापडली तर हेच उभ्याने करा : दोन कॉलममध्ये आकडा त्याच दोन ओळींत अडकलेला असेल, तर खोडाखोड त्या ओळींमध्ये करायची. लक्षात ठेवायचं एवढंच की अट आडवी असेल तर खोडणं उभं, आणि अट उभी असेल तर खोडणं आडवं.

आता माझी फजिती. मागच्या महिन्यात मला चार कोपऱ्यांत ३ दिसले आणि मी खुशीत दोन्ही कॉलम साफ केले. पाऊण तासाने एका कॉलममध्ये ३ ला घरच उरलं नाही. उलटं तपासत गेलो तेव्हा कळलं की खालच्या ओळीत ३ तीन घरांत येऊ शकत होता. एका घरात मी तो लिहायलाच विसरलो होतो. तिसरं घर असलं की ३ तिकडे पळू शकतो, मग त्या ओळीला कोपरा घ्यायची सक्ती राहत नाही आणि सगळा आयत कोसळतो. म्हणून खोडण्याआधी त्या दोन ओळींतली सगळी रिकामी घरं पुन्हा एकदा बघा, आणि कोपऱ्यांव्यतिरिक्तचं प्रत्येक घर त्या आकड्यासाठी का बंद आहे ते स्वतःला सांगा. कारण सापडत नसेल, तर तो एक्स-विंग नाही.

आणि कधी एक्स-विंग अगदी खरा सापडतो, पण त्या कॉलममध्ये खोडायला एकही ७ नसतो. मग तो आकडा सोडा आणि पुढचा घ्या. झेरॉक्सची शाई खोडरबराने जात नाही, पण पेन्सिल जाते. तेव्हा पेनाने सोडवणाऱ्या हिरोंनी जरा जपून!